आबांचे शेअर्स आणि चार महिन्यांची कॉलर

आबा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत तीस-एक वर्षं नोकरीला होते. पगारातून उरेल त्याचे ते एकाच कंपनीचे शेअर्स घेत राहिले. बोनस आला, स्प्लिट झाला, पण विकले कधीच नाहीत. ते गेल्यावर वाटणीत माझ्या नावावर २,९०० शेअर्स आले. डिसेंबर २०२४ मध्ये भाव होता दीड हजाराच्या आसपास, म्हणजे साडेत्रेचाळीस लाख रुपये. आमच्या घरच्या एकूण बचतीचा दोन तृतीयांश भाग या एका कागदात होता. कंपनीचं नाव देत नाही, आणि वाचायला सोपं जावं म्हणून भाव थोडे गोल केले आहेत.

विकायचं नक्की होतं. गंगापूर रोडला फ्लॅट घ्यायचा होता. अडचण तारखेची होती. शेअर्सवरचा नफा जवळजवळ पस्तीस लाखांचा. त्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर, सव्वा लाखाची सूट वजा जाऊन आणि सेस धरून, सव्वाचार लाखांच्या पुढे जात होता. कलम ५४एफ खाली सगळी रक्कम घरात घातली तर तो वाचतो. पण त्या कलमाची अट अशी की शेअर्स विकण्याच्या दिवशी नव्या घराव्यतिरिक्त तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त राहतं घर नको. माझा इंदिरानगरचा फ्लॅट होताच, आणि पंचवटीतल्या जुन्या घरात दादाबरोबर अर्धा हिस्सा होता. अर्धा हिस्सा म्हणजे घर धरायचं की नाही यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. आमचे सीए म्हणाले, "वाद घालायची हौस असेल तर आज विका. नसेल तर आधी हक्कसोडपत्र नोंदवा, मग विका." दादा कॅनडात. तो एप्रिलमध्ये येणार होता, आणि कॉन्सुलेटमधून मुखत्यारपत्र वगैरे करायला तो तयार नव्हता.

म्हणजे चार महिने शेअर्स हातात ठेवणं भाग होतं. मधे कंपनीचे तिमाही निकाल, १ फेब्रुवारीचं बजेट, आणि सप्टेंबरपासून घसरत आलेला बाजार. दहा टक्के भाव पडला असता तरी वाचवायचा तेवढा कर आधीच गेला असता.

माझा भाचा मुंबईत एका ब्रोकरच्या डेरिव्हेटिव्ह डेस्कवर आहे. त्याला फोन केला.

"मामा, शेअर एफ अँड ओ मध्ये आहे ना? मग कॉलर लावा."

हे पहिलं गाळण. एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, शेअरच्या पुढच्या भावावर होणारे मुदतीचे करार. एनएसईवर ज्यांचे ऑप्शन्स चालतात असे शेअर्स दोनशेच्या आसपास आहेत. तुमचा शेअर त्या यादीत नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. दुसरं गाळण लॉटचं, म्हणजे एका करारात किती शेअर्स बसतात त्याचं. आमच्या शेअरचा लॉट ४०० चा होता. २,९०० मध्ये सात लॉट बसतात, म्हणजे २,८००. उरलेले शंभर शेअर्स उघडेच राहणार होते, आणि ते मी सोडून दिले.

कॉलर म्हणजे दोन सौदे. एक पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकायचा हक्क, विकत घ्यायचा, बाजारभावाच्या थोडा खाली. भाव त्याच्या खाली गेला की तोटा पुट भरून देतो. दुसऱ्या सौद्यात एक कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायचा हक्क, दुसऱ्याला विकायचा, बाजारभावाच्या थोडा वर. त्याचे पैसे आपल्याला मिळतात, पण भाव त्या पातळीच्या वर गेला तर वरचा फायदा कॉल घेणाऱ्याचा. पुटला जितके रुपये लागतात तितकेच कॉलमधून येतील असे दोन आकडे निवडले की खिशातून जवळजवळ काही जात नाही.

नुसता पुट का नाही, असं बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला हिशोब दाखवावाच लागतो. बाजारभावाच्या पाच टक्के खालचा पुट महिन्याला शेअरमागे वीस रुपयांना पडत होता. २,८०० शेअर्स, चार महिने, म्हणजे सव्वादोन लाख. सव्वाचार लाख कर वाचवण्यासाठी त्यातले अर्धे विम्यात घालायचे. तिला ते पटलं नाही, मलाही नाही. फ्युचर विकणं, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला शेअर विकायचा करार करणं, हा दुसरा मार्ग होता. त्यात भाव पूर्णच गोठतो आणि रोजच्या रोज नफातोटा रोखीने द्यावा-घ्यावा लागतो. मला थोडी हालचाल चालणार होती, मोठी पडझड तेवढी नको होती.

तिचा दुसरा आक्षेप जास्त टोकदार होता. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास तिने वाचला होता. त्यात तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचं म्हटलं आहे. "आणि तू त्यात शिरतोयस?" तिला मी एवढंच म्हणालो की हातातल्या शेअर्सपेक्षा एकही लॉट जास्त विकणार नाही. पुढे काही सांगण्याआधी ही अट स्वतःला घालून घ्यावी लागते, कारण शेअर हातात नसताना विकलेला कॉल हा पूर्णपणे वेगळा आणि धोक्याचा धंदा आहे.

आता मुदतीचं. मला एप्रिलपर्यंतचं संरक्षण हवं होतं, आणि ते एका सौद्यात मिळतच नाही. शेअर्सच्या ऑप्शन्समध्ये एका वेळी तीनच महिन्यांचे करार उघडे असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे होते. मार्चच्या पडद्यावर बहुतेक स्ट्राइकना, म्हणजे पुट-कॉलच्या ठरलेल्या भावांना, बोलीच नव्हती. फेब्रुवारीत पुटची विक्री ४४ आणि खरेदी ३१ असले भाव दिसत होते. त्या दरीत उडी मारली तर 'शून्य खर्च' तिथेच संपतो. खरी उलाढाल फक्त चालू महिन्यात असते. त्यामुळे दर महिन्याला जुनी कॉलर सोडायची आणि नवी लावायची, म्हणजे रोल करायचं, असं ठरलं. त्या वर्षी एक्स्पायरी, म्हणजे कराराची मुदत संपायचा दिवस, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी होती. सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली आहे.

त्याआधी मार्जिनची, म्हणजे अनामत रकमेची, व्यवस्था. कॉल विकणाऱ्याकडून एक्सचेंज मार्जिन मागतं, आणि तुमच्या डीमॅटमध्ये तेच शेअर्स पडून आहेत याची त्याला आपोआप जाणीव नसते. शेअर्स ब्रोकरकडे प्लेज करावे लागतात. ॲपवर विनंती टाकायची, डिपॉझिटरीकडून ओटीपी येतो, तो भरला की शेअर्स आपल्याच खात्यात राहून तारण होतात. बाजारभावातून काही टक्के कापून उरलेली रक्कम मार्जिन म्हणून मिळते. सात लॉटला साधारण सात लाख मार्जिन लागत होतं. मी थोडेच शेअर्स प्लेज केले असते तरी भागलं असतं असं वाटू शकतं. पण मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसारखाच असावा लागतो, नाहीतर ब्रोकर तुटीवर व्याज लावतो. साडेतीन लाख मी लिक्विड फंडात घातले आणि ती युनिट्स प्लेज केली. ती रोखीत धरली जातात आणि त्यांवर परतावाही चालू राहतो. शिवाय पुटचा प्रीमियम तारणातून भरता येत नाही, तो रोखच लागतो. तेवढे साठ हजार खात्यात ठेवले. ज्याच्याकडे शेअर्स आहेत पण बाजूला चार-पाच लाख मोकळे नाहीत, त्याला ही 'फुकट' कॉलर लावताच येणार नाही, आणि ही गोष्ट कुणी पहिल्यांदा सांगत नाही.

डिसेंबरच्या शेवटी, भाव १,५०० असताना, पहिली कॉलर लावली. जानेवारीचा १,४२० चा पुट घेतला २०.५० ला, आणि १,६०० चा कॉल विकला १९.७५ ला. शेअरमागे पाऊण रुपया, म्हणजे एकूण २,१०० रुपये. दलाली, एसटीटी, जीएसटी धरून आणखी दीडशेच्या घरात. बेचाळीस लाखांच्या मालावर सव्वादोन हजार.

खालचा आकडा ८० रुपये लांब आणि वरचा १०० रुपये लांब, तरी दोघांची किंमत जवळपास सारखी, हे मला आधी विचित्र वाटलं. भाच्याने सांगितलं की ऑप्शनचा भाव आजच्या भावाभोवती नाही, महिन्यानंतरच्या वायदे-भावाभोवती ठरतो, आणि त्यात महिन्याचं व्याज मिसळलेलं असतं. त्यामुळे तराजूचा मध्य १,५०० च्या थोडा वर असतो आणि कॉलला जास्त जागा मिळते.

ऑर्डर टाकताना क्रम पाळला. आधी पुट, मग कॉल. उलट केलं आणि मधल्या दोन मिनिटांत बाजार घसरला तर पुट महाग पडतो. दोन्ही ऑर्डर लिमिटच. पुटची बोली १९.६० आणि विक्री २०.५० होती. मार्केट ऑर्डर टाकली असती तर सात लॉट खात खात ती २१.५० पर्यंत गेली असती. अशा सौद्यात दलालीपेक्षा हा बोली-विक्रीतला फरकच मोठा खर्च असतो.

यानंतर एक्स्पायरीपर्यंत काही करायचं नाही असं वाटेल, पण माझ्या बाबतीत एक्स्पायरीच सगळ्यात धोक्याची होती. शेअर्सचे ऑप्शन्स ऑक्टोबर २०१९ पासून पूर्णपणे प्रत्यक्ष डिलिव्हरीने मिटतात. एक्स्पायरीला भाव १,६०० च्या वर बंद झाला तर माझे २,८०० शेअर्स त्या भावाने जाणार. १,४२० च्या खाली बंद झाला आणि पुट तसाच ठेवला, तरी शेअर्स जाणार. इतर कुणाला हे चालेल. मला मात्र तो 'विक्रीचा दिवस' ठरला असता, तोही हक्कसोडपत्राच्या आधी, आणि ज्या करासाठी हा सगळा खटाटोप तोच गळ्यात आला असता. म्हणून नियम केला: एक्स्पायरीच्या आदल्या आठवड्यात दोन्ही सौदे मोडायचे, भाव कुठेही असो. ते तसंही शहाणपणाचं आहे, कारण पैशात असलेल्या, म्हणजे वापरला तर फायदा देणाऱ्या, घेतलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन चढायला लागतं आणि रोज वाढत जातं. मधल्या काळात असाइनमेंटची भीती नव्हती. इथले ऑप्शन्स युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीच्या आधी समोरचा माणूस कॉल वापरू शकत नाही.

जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात भाव १,४६० होता. पुट आठ रुपयांना विकला, कॉल पन्नास पैशांना परत घेतला. कॉलरमधून शेअरमागे पावणेसात रुपये सुटले. शेअर चाळीस रुपये पडला होता. पहिले ऐंशी रुपये आपले, हे कॉलर लावतानाच मान्य केलेलं असतं, तरी पहिल्या महिन्यात ते बोचतं.

आता नवी कॉलर कुठे लावायची, हा सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय होता. पहिल्यासारखंच अंतर ठेवलं तर पुट १,३८० ला आणि कॉल १,५६० ला आला असता. दिसायला तीच कॉलर. पण जमीन, म्हणजे पुटची पातळी, चाळीस रुपयांनी खाली गेली असती. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच केलं तर आणखी खाली. दर महिन्याला भाव चार टक्के घसरत राहिला तर एकदाही पुट पैशात येणार नाही आणि चार महिन्यांत पंधरा टक्के निघून जातील, तेही संरक्षण चालू असताना! महिन्या-महिन्याची कॉलर म्हणजे चार महिन्यांची कॉलर नव्हे, हे भाच्याने आधी सांगितलं होतं. पडद्यावर आकडे मांडल्यावर ते नीट कळलं.

दुसरा मार्ग होता जमीन १,४२० लाच ठेवायची. तो पुट आता जवळ होता म्हणून ३२ रुपयांना पडत होता. तेवढे पैसे आणायचे तर कॉलही जवळचा विकावा लागणार: १,५२० चा, ३२ ला. खर्च शून्य, जमीन जागेवर, पण छत १,६०० वरून १,५२० वर. "मामा, तुम्हाला वर किती हवंय?" भाच्याने विचारलं. मला वर काही नको होतं. फ्लॅटची रक्कम ठरलेली होती. छत खाली घेतलं.

फेब्रुवारीत बाजार चांगलाच पडला. निफ्टी महिन्याभरात सहा टक्क्यांच्या जवळ घसरला आणि आमचा शेअर त्याहून जास्त. वीस तारखेच्या आसपास भाव १,३३० होता. २६ तारखेला महाशिवरात्रीची सुट्टी, २७ ला एक्स्पायरी, म्हणून रोल लवकर करायला घेतला. १,४२० च्या पुटमध्ये सरळ नव्वद रुपये होते. पडद्यावर बोली मात्र ८६ आणि विक्री ९५. नव्वदचा माल कुणी नव्वदला घेईना. कारण वर आलंच आहे: एक्स्पायरी जवळ आली की खोल पैशातला पुट घेणाऱ्यावर शेअर्स आणून देण्याची जबाबदारी आणि मार्जिन येतं, म्हणून तो सूट मागतो. ९० ला लिमिट टाकून बसलो, मग ८९, शेवटी सातही लॉट ८८ ला गेले. पुट फार खोलात जाऊ दिला की विकताना असे दोन-चार रुपये सुटतात. कॉल तीस पैशांत परत आला.

त्या महिन्यात शेअरमागे ८७.७० रुपये आले. जानेवारीचे ६.७५ धरून ९४.४५. भाव १,३३० अधिक हे, म्हणजे १,४२४. जमीन जिथे आखली होती तिथेच सापडली. खात्यात दोन लाख चौसष्ट हजार रोख आले आणि घरात जरा उत्साह पसरला. बायकोने लगेच विचारलं, हे पैसे आपले का? तिला आवडेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हे पडलेल्या शेअर्सच्या बदल्यातले पैसे होते, आणि भाव वर आला तर कॉलमधून परत जाऊ शकणारे होते. खात्यातून एक रुपया हलवला नाही.

मार्चच्या कॉलरसाठी जमीन १,४२० ला ठेवणं आता शक्यच नव्हतं. तिथला पुट नव्वद रुपये आत होता, त्याची किंमत शंभराच्या घरात, आणि तेवढे पैसे देणारा कॉल विकला असता तर ते फ्युचर विकल्यासारखंच झालं असतं. शिवाय आधीच्या पडझडीचे पैसे हातात आले होते. म्हणून १,३३० पासून नव्याने मोजलं: १,२६० चा पुट २३ ला, १,४२० चा कॉलही २३ ला. भीतीमुळे ऑप्शन्स महागले होते, पण आपण एक घेतो आणि एक विकतो, त्यामुळे महागाई दोन्हीकडे सारखी बसते. नुसता पुट घेणाऱ्याला ती पूर्ण सोसावी लागते.

आणि मार्चमध्ये बाजार उलटला. वीस मार्चला आमचा भाव १,४५५. मी विकलेला १,४२० चा कॉल आत गेला होता आणि ४८ ला मिळत होता. पुटचे वीस पैसे उरले होते. सोडवायला कॉलसाठी एक लाख चौतीस हजार रोख लागले. शेअर्सची किंमत साडेतीन लाखांनी वाढली होती, पण ती कागदावर, आणि कॉलचे पैसे मात्र खात्यातून. फेब्रुवारीचे पैसे हलवले असते तर या दिवशी लिक्विड फंड मोडायला लागला असता, आणि तो मोडला की निम्म्या रोखीची अट तुटते. ज्यांच्या कॉलरचा पहिलाच महिना तेजीचा निघतो त्यांच्याकडे तो साठाही नसतो. कॉलर मोडून पडते ती बहुधा इथे: भाव पडल्यावर नाही, चढल्यावर. पैसे नसतात, म्हणून कॉल तसाच राहतो आणि शेअर्स जातात.

एप्रिलसाठी १,३८० चा पुट आणि १,५४० चा कॉल, दोन्ही बावीसच्या आसपास. हा रोल करताना मी एनएसईची बंदीची यादी रोज बघत होतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एखाद्या शेअरमधले एकूण उघडे सौदे बाजाराच्या ठरवलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांपुढे गेले की त्यात नवे सौदे बंद व्हायचे, फक्त जुने कमी करता यायचे. ते ८० टक्क्यांखाली येईपर्यंत बंदी राहायची. रोलच्या आठवड्यात ती लागली असती तर जुनी कॉलर सोडता आली असती, नवी लावता आली नसती, आणि मी उघडा पडलो असतो. टक्केवारी चढायला लागली की दोन दिवस आधी रोल करणं एवढाच उपाय होता. आमचा शेअर तिथवर गेला नाही.

७ एप्रिलला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त पडला. त्या सोमवारी मी अंबडला कारखान्यातच होतो आणि दुपारपर्यंत ॲप उघडलं नाही. हे धैर्य नव्हतं, त्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतंच.

दादा त्याच आठवड्यात आला. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवून झालं, नोंदणीची पावती सीएंना पाठवली, आणि त्यांनी हो म्हटल्यावर शेअर्स विकायला काढले. भाव १,४१० होता. मोडतानाही क्रम असतो. आधी शेअर्स प्लेजमधून सोडवले, त्याला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कॉल परत घेतला, एक रुपयाला. कॉल उभा ठेवून शेअर्स विकले असते तर मधल्या वेळात तोच उघडा कॉल झाला असता, ज्याबद्दल बायकोला शब्द दिला होता. मग शेअर्स विकले, तीन-चार टप्प्यांत. सगळे गेल्यावर शेवटी पुट विकला १७ ला. पुट शेवटी, कारण तो एकटा उरला तरी त्यातून नवं देणं लागत नाही.

एप्रिलच्या कॉलरने शेअरमागे सोळा रुपये दिले. चारही महिने मिळून ६.७५ अधिक ८७.७० वजा ४७.८० अधिक १६, म्हणजे ६२.६५. विक्रीचा १,४१० धरून हातात पडले १,४७२. भाव चढत गेला असता तर हाच आकडा उघड्या शेअर्सपेक्षा कमी निघाला असता, आणि तेव्हाही मी हीच कॉलर लावली असती.

त्या १,४७२ मधून कर जायचा होता. एफ अँड ओ चा नफा भांडवली नफा नाही, धंद्याचं उत्पन्न आहे, सट्ट्याचं नव्हे पण धंद्याचंच. तो स्लॅबप्रमाणे लागतो आणि आयटीआर-३ भरावा लागतो. मार्चअखेरपर्यंतचा माझा निव्वळ नफा एक लाख तीस हजारांच्या आसपास होता. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये चाळीस हजार गेले. त्याच काळात शेअर्स दीड हजारावरून खाली आले होते, पण न विकलेल्या शेअर्सचा कागदी तोटा त्याच्यासमोर मांडता येत नाही. घरातल्या ५४एफ च्या सवलतीचाही त्याच्याशी संबंध नाही. उलटं झालं असतं, म्हणजे कॉलमध्ये मार्चपर्यंत तोटा आला असता, तर तो त्याच वर्षीच्या भांडवली नफ्यातून वळता करता आला असता, पण माझी विक्री एप्रिलमध्ये, पुढच्या वर्षात. मग तो तोटा आठ वर्षं पुढे ओढायचा आणि तोही फक्त धंद्याच्या उत्पन्नासमोर. पगारदार माणसाला असं उत्पन्न पुन्हा कधी यायचं! सीएंनी हे जानेवारीतच कागदावर काढून दिलं होतं, आणि मार्चमधला तोटा फेब्रुवारीच्या नफ्याच्याच वर्षात पडला हा निव्वळ योगायोग.

एप्रिलचे सोळा रुपये पुढच्या वर्षाच्या विवरणपत्रात गेले. त्या पंचेचाळीस हजारांसाठी दुसऱ्या वर्षीही आयटीआर-३, आणि सीएंची फी त्याप्रमाणे.